राउटरची चॅनेल विड्थ: २०, ४० की ८०? गजबजलेल्या वस्तीत रुंद चॅनेलने स्पीड का घटतो

राउटरच्या सेटिंगमध्ये `Channel Width` नावाचा एक पर्याय असतो. त्यात २०, ४०, ८० आणि नव्या राउटरवर १६० असे आकडे दिसतात. मोठा आकडा म्हणजे जास्त स्पीड, असं समजून बरेच जण सर्वात मोठा पर्याय निवडतात. दुपारी स्पीड टेस्ट केली की आकडा छान येतो. रात्री नऊ वाजता मात्र रील अडकते, गेममध्ये पिंग उडतं आणि दोष इंटरनेट कंपनीला दिला जातो.

कधी कधी दोष खरंच कंपनीच्या लाइनचा असतो. पण नाशिकच्या सिडकोसारख्या भागात, जिथे भिंतीला भिंत लागून घरं आहेत आणि मूळ घरांवर मजले चढलेले आहेत, तिथे अनेकदा खरी अडचण घरातल्या हवेतच असते. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवर एका इमारतीत विद्यार्थ्यांचे चार-पाच फ्लॅट असतील तर तीच गोष्ट. अशा ठिकाणी चॅनेल जितका रुंद, तितके जास्त शेजारी तुमच्या वाट्यात येतात. हे नेमकं कसं होतं, आणि आपल्या घरासाठी कोणता आकडा निवडायचा, ते या लेखात पाहू.

## चॅनेल विड्थ म्हणजे काय?

वाय-फाय रेडिओ लहरींवर चालतं. या लहरींचा एक ठरावीक पट्टा वाय-फायसाठी खुला आहे, आणि तो वापरायला परवाना लागत नाही. या पट्ट्याचा किती भाग तुमचा राउटर एका वेळी वापरतो, ती चॅनेल विड्थ. ती मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. २० मेगाहर्ट्झ हा मूळ तुकडा. ४० म्हणजे असे दोन तुकडे जोडलेले, ८० म्हणजे चार, १६० म्हणजे आठ.

पट्टे मुख्यतः दोन. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जुना आणि लहान आहे. भारतात तो २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम ८३ मेगाहर्ट्झ एवढाच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बराच मोठा. ऑक्टोबर २०१८ च्या सरकारी अधिसूचनेनंतर भारतात त्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय वापरता येतात.

रुंदी दुप्पट केली की एका क्षणात दुप्पट डेटा पाठवता येतो, हे खरं आहे. दोन अँटेनांचा वाय-फाय ५ राउटर आणि तसाच फोन घेतला, तर ४० वर जास्तीत जास्त लिंक स्पीड ४०० एमबीपीएस आणि ८० वर ८६७ एमबीपीएस. राउटरच्या खोक्यावर एसी१२०० लिहिलेलं असतं, ते यातूनच येतं: २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज, थोडी वर ओढून. म्हणजे खोक्यावरचा आकडा सर्वात रुंद चॅनेल, सर्वात जवळचा फोन आणि रिकामी हवा धरून काढलेला आहे. तुमच्या घरी या तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात.

## हवा तुमच्या एकट्याची नाही

इंटरनेटची फायबर केबल तुमच्या घरापर्यंत तुमच्यासाठी येते. हवा तशी येत नाही. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया जातं आणि पुन्हा पाठवावं लागतं. म्हणून प्रत्येक राउटर आणि प्रत्येक फोन आधी ऐकतो, कोणी बोलत असेल तर थांबतो, आणि शांतता झाल्यावर बोलतो. शेजाऱ्याचा पासवर्ड तुमच्याकडे नाही, तरी त्याच्या राउटरसाठी तुमच्या फोनला थांबावंच लागतं.

गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार डोळ्यासमोर आणा. एक हात जागेत पथारी मांडणाऱ्याला कुठेतरी फट सापडते. चार हात सलग जागा हवी असेल तर चारही हात एकाच वेळी रिकामे मिळायला हवेत. जागा मिळाली तर माल जास्त मांडता येतो, पण गर्दीच्या वेळी ती मिळतच नाही.

रुंद चॅनेलचं असंच आहे. ८० मेगाहर्ट्झवर बोलायचं तर चारही तुकडे एकदम शांत हवेत. त्यातल्या एकावर जरी शेजारी बोलत असला, तरी तुमच्या राउटरसमोर दोनच मार्ग उरतात: थांबायचं, किंवा तेवढ्यापुरती रुंदी कमी करून अरुंद चॅनेलवर पाठवायचं. वाय-फाय ५ पासून दुसरा मार्ग उपलब्ध आहे, पण प्रत्येक राउटर आणि फोन तो सारख्या हुशारीने वापरत नाही.

यात आणखी एक मेख आहे. रुंद चॅनेलमधला एक २० चा तुकडा मुख्य असतो, आणि राउटर त्याच्यावर अगदी कान देऊन ऐकतो. मानकानुसार मुख्य तुकड्यावर वाय-फायचा -८२ डीबीएम इतका क्षीण सिग्नलही ओळखला जातो. उरलेल्या तुकड्यांवर मात्र साधारण -७२ डीबीएमपेक्षा जोरदार असेल तरच दखल घेतली जाते. म्हणजे तिथे शेजारी सुमारे दहापट जोरात असावा लागतो. दोन घरं पलीकडचा, मध्यम आवाजाचा राउटर या फटीत सापडतो. तुमच्या राउटरला तो ऐकू येत नाही, त्यामुळे तो बिनधास्त पाठवतो, आणि तुमच्या फोनपाशी दोन्ही सिग्नल एकमेकांवर आदळतात. स्क्रीनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि तरी व्हिडिओ अडकलेला, याचं हे एक नेहमीचं कारण.

## रुंदी वाढली की पल्ला घटतो

गर्दी नसली तरी रुंद चॅनेलची एक किंमत मोजावी लागतेच. राउटरची ताकद ठरलेली असते. तीच ताकद दुप्पट रुंदीवर पसरली की प्रत्येक भागाच्या वाट्याला निम्मी येते. शिवाय रुंद खिडकी उघडली की बाहेरचा गोंगाटही दुप्पट आत येतो. परिणाम असा की रुंदी दुप्पट केली की तोच स्पीड टिकवायला ३ डेसिबल जास्त, म्हणजे दुप्पट ताकदीचा सिग्नल लागतो.

राउटरच्या खोलीत हे जाणवत नाही, कारण तिथे सिग्नल भरपूर असतो. पण हॉलमध्ये राउटर आणि दोन विटांच्या भिंतींपलीकडे बेडरूममध्ये फोन असेल, तर तो फोन सावध होतो आणि डेटा कमी दाट भरून पाठवायला लागतो. म्हणून लांबच्या खोलीत चौपट रुंदीने चौपट स्पीड मिळत नाही.

## एक हिशोब: चार घरं, एक पट्टा

आता हे सगळं एकत्र करून एक उदाहरण सोडवू. समजा, सिडकोतल्या एका गल्लीत लागून लागून चार घरं आहेत. चौघांकडे १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे आणि चौघांचे राउटर ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल ३६ ते ४८ या भागात आहेत. हा भाग बरोबर ८० मेगाहर्ट्झचा आहे. प्रत्येक घरात फोन बेडरूममध्ये आहे आणि तिथे सिग्नल -६६ डीबीएम येतो. म्हणजे चांगला, पण अगदी जवळचा नाही.

वाय-फाय ५ च्या मानकात प्रत्येक स्पीडसाठी किमान किती सिग्नल हवा हे दिलेलं आहे. दोन अँटेनांच्या फोनला -६६ डीबीएमवर त्यानुसार २० मेगाहर्ट्झवर ११६, ४० वर १८० आणि ८० वर २६० एमबीपीएस लिंक स्पीड मिळतो. बघा, रुंदी चौपट झाली पण लिंक स्पीड सव्वादोनपटच वाढला. चांगली चिप यापेक्षा थोडं बरं करते, पण तिन्ही आकड्यांमधलं प्रमाण साधारण असंच राहतं.

लिंक स्पीड म्हणजे प्रत्यक्ष मिळणारा स्पीड नव्हे. थांबणं, पोच देणं, पुन्हा पाठवणं यात बराच वेळ जातो. साठ टक्के हाती येतात असं धरू. आता दोन वेळा पाहू: दुपारी, जेव्हा तुम्ही एकटेच वापरत आहात, आणि रात्री, जेव्हा चारही घरं जोरात डाउनलोड करत आहेत.

| चौघांनी ठेवलेली रुंदी | एका चॅनेलवर किती घरं | लिंक स्पीड | दुपारी, एकटे | रात्री, चौघे |
|---|---|---|---|---|
| ८० | ४ | २६० | १५६ | ३९ |
| ४० | २ | १८० | १०८ | ५४ |
| २० | १ | ११६ | ७० | ७० |

सर्व आकडे एमबीपीएसमध्ये आहेत. ८० वर चौघे एकाच जागेत भांडतात, म्हणून प्रत्येकाला पाव वेळ मिळतो. ४० केल्यावर त्या जागेचे दोन भाग होतात, ३६-४० आणि ४४-४८, आणि एका भागात दोनच घरं उरतात. २० वर प्रत्येकाला स्वतःचा चॅनेल.

दुपारचा रकाना नीट पाहा. ८० वर १५६ निघतात, पण प्लॅनच १०० चा आहे. वरचे ५६ कुठेच वापरले जात नाहीत. ४० वर १०८ निघतात, म्हणजे प्लॅन पूर्ण मिळतो. थोडक्यात, या चार घरांसाठी ४० हा मधला मार्ग आहे: दुपारी काही गमावत नाही, आणि रात्री ३९ ऐवजी ५४ मिळतात. २० वर रात्र सर्वात चांगली, पण दुपारी प्लॅनमधले ३० हातचे जातात.

हा हिशोब सरळ ठेवला आहे. प्रत्यक्षात चारही घरं सतत पूर्ण जोरात नसतात, आणि वेळेची वाटणी इतकी समसमान होत नाही. टक्कर होऊन वाया जाणारे पॅकेट तर यात धरलेच नाहीत. ते धरले तर ८० चा रात्रीचा आकडा आणखी खाली येतो.

## शेजाऱ्यांनी बदललं नाही तर?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण वरच्या तक्त्यात चौघांनी एकत्र रुंदी बदलली आहे. खऱ्या गल्लीत तुम्ही एकटेच सेटिंग उघडणार.

तिन्ही शेजारी ३६ ते ४८ वर ८० रुंदी घेऊन बसले असतील, आणि तुम्ही तिथेच राहून फक्त ४० केलं, तर फार काही साधत नाही. त्यांचं रुंद पॅकेट तुमच्या दोन्ही तुकड्यांवरून जातंच, त्यामुळे थांबायचं तर तेवढंच. उलट तुमचा स्वतःचा लिंक स्पीड मात्र कमी झालेला असतो. थोडा फायदा होतो तो एवढाच की भिंतीपलीकडे सिग्नल जरा भक्कम राहतो, आणि शेजाऱ्यांच्या मुख्य तुकड्यापासून दूर बसलात तर त्यांच्या अरुंद पॅकेट्सपासून सुटका होते.

म्हणून नियम असा लक्षात ठेवा: रुंदी कमी करायची ती रिकाम्या फटीत बसता यावं म्हणून. आधी फट शोधा, मग तिच्यात मावेल अशी रुंदी निवडा.

५ गिगाहर्ट्झवर घरगुती राउटरसाठी दोन भाग सहज उपलब्ध असतात: ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. प्रत्येकात ८० चा एकच चॅनेल मावतो, किंवा ४० चे दोन, किंवा २० चे चार. १६५ हा वेगळा उरलेला तुकडा, त्यावर फक्त २० चालतं. म्हणजे ८० हवं असणाऱ्यांना दोनच जागा, ४० वाल्यांना चार, आणि २० वाल्यांना नऊ. तुमच्या गल्लीत पाच राउटर ऐकू येत असतील तर ८० वर कोणी ना कोणी एकमेकांवर बसणार, हे आकडेच सांगतात.

मधला मोठा भाग, ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, बहुतेक वेळा रिकामा सापडतो. याचं कारण म्हणजे या भागात रडारही चालतात. तिथे जाण्याआधी राउटर साधारण एक मिनिट ऐकतो, काही चॅनेलवर तर दहा मिनिटंही, आणि रडारसारखा सिग्नल आला की तो चॅनेल सोडून जातो. या तपासणीला डीएफएस म्हणतात. अनेक स्वस्त राउटरमध्ये ही सोयच नसते, म्हणून यादीत हे चॅनेल दिसत नाहीत. तुमच्या राउटरमध्ये दिसत असतील आणि तुमचे फोनही त्यांना जोडले जात असतील, तर तिथे ८० सुद्धा निवांत चालू शकतं. १६० चा प्रश्नही इथेच सुटतो: ३६ ते ६४ हा १६० चा पट्टा अर्धा डीएफएसमध्ये जातो. दाट वस्तीत एवढी सलग रिकामी जागा विरळाच.

## २.४ गिगाहर्ट्झवर मात्र २० च

या पट्ट्यावर फार विचार करायची गरज नाही. भारतात १ ते १३ चॅनेल दिसतात, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांना न छेदणारे तीनच धरतात: १, ६ आणि ११. तुम्ही ४० केलं की या तीनपैकी दोन जागा तुम्ही अडवता, आणि दोन्ही जागांवरच्या शेजाऱ्यांशी तुमची गाठ पडते.

समजा दोन्ही जागा ६० टक्के वेळ व्यापलेल्या आहेत. २० वर तुम्हाला ४० टक्के वेळ मिळते, आणि दोन अँटेनांच्या वाय-फाय ४ च्या कमाल १४४ लिंक स्पीडमधून साधारण ५८ तुमच्या वाट्याला येतात. ४० वर दोन्ही जागा एकाच वेळी रिकाम्या हव्यात. तशी संधी १६ टक्के वेळच येते, आणि ३०० मधून ४८ उरतात. रुंदी दुप्पट, हाती कमी. ढोबळ हिशोब असा की जोडलेला दुसरा भाग निम्म्याहून जास्त वेळ रिकामा नसेल, तर रुंदी वाढवणं तोट्याचं.

त्यात ब्लूटूथ, वायरलेस माऊस आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात आहेत. अनेक फोन २.४ वर ४० वापरतच नाहीत. आयफोन हे त्याचं उदाहरण, आणि अॅपलची राउटरसाठीची शिफारसही २.४ वर २० हीच आहे. फोनला फायदा शून्य, आणि शेजाऱ्यांना त्रास मात्र पूर्ण. काही राउटरमध्ये `20/40 MHz` किंवा `Auto` असा पर्याय असतो. नियमाप्रमाणे वागणारा राउटर त्यात शेजारी दिसले की स्वतःच २० वर उतरतो. पण सगळे तसे वागत नाहीत, म्हणून सरळ २० निवडणं बरं.

## आपल्या घरी कसं तपासायचं?

आधी लाइन तपासा. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि रात्री नऊ-दहाच्या सुमारास स्पीड टेस्ट करा. केबलवरही स्पीड पडलेला असेल तर अडचण इंटरनेटच्या लाइनवर आहे, चॅनेल विड्थ बदलून काही होणार नाही. केबलवर पूर्ण स्पीड आणि वाय-फायवर कमी, तरच पुढे जा.

मग हवा पाहा. अँड्रॉइडवर वाय-फाय अॅनालायझर प्रकारचं एखादं फुकट अॅप घ्या. ५ गिगाहर्ट्झचा आलेख उघडला की प्रत्येक नेटवर्कचा एक डोंगर दिसतो. डोंगराचा पाया म्हणजे त्याची रुंदी, उंची म्हणजे सिग्नल. जिथे डोंगर नाहीत किंवा खूप बुटके आहेत, ती तुमची फट. हे पाहणं फोन जिथे वापरता त्या खोलीत करा, राउटरजवळ उभं राहून नाही. आयफोनवर असे आलेख देणारी अॅप्स मिळत नाहीत, तेव्हा घरातला एखादा अँड्रॉइड फोन वापरा.

या अॅपची एक मर्यादा आहे. ते कोण कुठे बसलंय हे दाखवतं, कोण किती बोलतोय हे नाही. दहा राउटर असूनही चॅनेल शांत असू शकतो, आणि एकच राउटर दिवसभर सीसीटीव्हीचा व्हिडिओ ढकलून तो भरून टाकू शकतो. म्हणून आलेखावरून फक्त अंदाज बांधा, निकाल पुढच्या चाचणीवर सोडा.

आता बदल करा. राउटरचं पान ब्राउझरमध्ये उघडा. पत्ता बहुतेक वेळा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो, आणि फोनच्या वाय-फाय तपशिलात तो `Gateway` म्हणून दिसतो. `Wireless` किंवा `WLAN` विभागात ५ गिगाहर्ट्झसाठी `Channel` आणि `Channel Width` किंवा `Bandwidth` शोधा. जुने आकडे लिहून ठेवा. २.४ आणि ५ चं नाव एकच असेल तर चाचणीपुरती वेगळी नावं द्या, नाहीतर फोन मध्येच दुसऱ्या पट्ट्यावर जातो आणि तुलना फसते.

`Auto` बद्दल एक सूचना. ५ गिगाहर्ट्झवर `Auto` रुंदी म्हणजे बहुधा जमेल तितकी रुंद. आणि अनेक राउटर `Auto` चॅनेल चालू होतानाच निवडतात. दुपारी लाइट जाऊन आली, तर राउटर दुपारच्या शांततेवरून निर्णय घेतो आणि रात्री त्याच जागी गर्दीत सापडतो.

रात्री मोजा. लॅपटॉप बेडरूममध्ये ठेवा, वाय-फायला जोडा आणि राउटरलाच पिंग करा. पत्ता तुमच्या राउटरचा घाला. विंडोजवर असं:

```
ping -n 100 192.168.1.1
```

मॅक किंवा लिनक्सवर `-n` च्या जागी `-c` लिहा. हे पिंग घराबाहेर जात नाही, त्यामुळे इंटरनेट कंपनीचा यात काही संबंध नाही. जे दिसेल ते फक्त तुमच्या हवेचं चित्र. बहुतेक आकडे १० मिलिसेकंदांच्या आत आणि एकसारखे असतील तर हवा ठीक आहे. मध्येच ८०, १५० असे उडत असतील किंवा उत्तरच येत नसेल, तर पॅकेट थांबत आहेत किंवा आदळून पुन्हा जात आहेत. हीच चाचणी फोनवरून केली तर बॅटरी वाचवण्यासाठी फोन झोपतो आणि आकडे उगाच वाढलेले दिसतात, म्हणून लॅपटॉप बरा.

त्यानंतर तीन वेळा स्पीड टेस्ट करा आणि मधला आकडा घ्या. ८० वर एकदा, ४० वर एकदा, त्याच जागी, त्याच तासाभरात. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी रुंदी, मग चॅनेल. निकाल पाहताना फक्त सर्वात मोठ्या आकड्याकडे जाऊ नका. ४० वर १०० ऐवजी ९० मिळाले, पण पिंग उडणं थांबलं, तर व्हिडिओ कॉल आणि गेमसाठी ४० हाच जिंकला.

## कोणासाठी काय योग्य?

दाट वस्ती, १०० ते २०० एमबीपीएसचा प्लॅन आणि अॅपमध्ये पाच-सहा ठळक डोंगर: ५ गिगाहर्ट्झवर ४०, जी जोडी सर्वात रिकामी असेल तिथे. फक्त १६५ किंवा एखादाच तुकडा मोकळा सापडला तर २० ठेवून पाहायला हरकत नाही, विशेषतः ४०-५० चा प्लॅन असेल तर.

मोठ्या इमारतीत राहता, पण अॅपमध्ये एक पूर्ण ८० चा भाग रिकामा दिसतो, किंवा राउटर डीएफएसचे चॅनेल देतो: ८० ठेवा. ३०० किंवा त्याहून मोठा प्लॅन असेल तर राउटरच्या जवळपास बसणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होईल.

गिरणारे किंवा दिंडोरीकडे मळ्यातलं घर, आजूबाजूला दुसरा राउटर नाही: ८० बिनधास्त. तिथे अडचण गर्दीची नसून अंतराची असते. लांबच्या खोलीत किंवा अंगणात सिग्नल तुटत असेल तरच ४० करून बघा.

आणि वरचा चार घरांचा तक्ता शेजाऱ्यांना दाखवता आला तर जरूर दाखवा. एकाने ३६, दुसऱ्याने ४४, तिसऱ्याने १४९ आणि चौथ्याने १५७ घेतला आणि चौघांनी रुंदी ४० ठेवली, तर चार घरांना चार स्वतंत्र जागा मिळतात. मग रात्री नऊलाही प्रत्येकाला दुपारचाच स्पीड, आणि त्यासाठी कोणालाही नवा राउटर घ्यावा लागत नाही.